अनोव्हा सिग्निफिकंट आला, पण नेमका कोणता गट वेगळा? जोडी-जोडीने तुलना करण्याची पद्धत

अनोव्हा चालवला, पी-मूल्य ०.०५ च्या बरेच खाली आले. यावरून एवढेच कळते की सगळ्या गटांच्या सरासऱ्या एकसारख्या आहेत असे म्हणता येणार नाही. कोण कोणापेक्षा वेगळा, हे अनोव्हा सांगत नाही. त्यासाठी गटांच्या जोड्या घेऊन तुलना करावी लागते, आणि नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक इथेच होते. प्रत्येक जोडीवर साधी टी-चाचणी लावायची आणि ०.०५ च्या खाली आलेल्या जोड्या ‘वेगळ्या’ म्हणून लिहून मोकळे व्हायचे, अशी ती चूक.

ही चूक का घडते आणि टुकीच्या पद्धतीने ती कशी टाळायची, हे एकाच उदाहरणावर शेवटपर्यंत पाहू. उदाहरण ‘आर’ या प्रणालीत आधीपासून असलेल्या `InsectSprays` या आकडेवारीचे आहे. यात सहा कीटकनाशके आहेत, नावे A ते F. प्रत्येकाच्या १२ नोंदी, आणि प्रत्येक नोंद म्हणजे फवारणीनंतर त्या प्रायोगिक एककात मोजलेले कीटक. ही आकडेवारी १९४२ मध्ये छापलेल्या एका संशोधनातून आली आहे. कीटक जितके कमी, तितके औषध चांगले.

| गट | सरासरी | विचरण |
|---|---|---|
| A | १४.५० | २२.३ |
| B | १५.३३ | १८.२ |
| C | २.०८ | ३.९ |
| D | ४.९२ | ६.३ |
| E | ३.५० | ३.० |
| F | १६.६७ | ३८.६ |

A, B, F एका बाजूला आणि C, D, E दुसऱ्या बाजूला, हे नुसत्या नजरेनेही दिसते. तेवढ्यासाठी चाचणीची फारशी गरज नाही. खरा प्रश्न चांगल्या तीन औषधांमधला आहे: C हे D पेक्षा सरस आहे का? आणि E पेक्षा?

आधी धोक्याचा अंदाज घ्या

सहा गटांच्या जोड्या किती? ६ × ५ ÷ २, म्हणजे १५. समजा सहाही औषधे प्रत्यक्षात अगदी सारखीच आहेत. तरी प्रत्येक चाचणीत ‘फरक आहे’ असा खोटा इशारा मिळण्याची शक्यता ५ टक्के असते. पंधरा चाचण्या परस्परांपासून स्वतंत्र असत्या, तर त्यांतली किमान एक खोटी निघण्याची शक्यता १ − ०.९५¹⁵, म्हणजे ५४ टक्के झाली असती. हा आकडा सगळीकडे दिला जातो, पण इथे तो लागू होत नाही, कारण या जोड्या स्वतंत्र नाहीत. A ची सरासरी चुकून वर गेली असेल, तर A असलेल्या पाचही जोड्या एकदमच बिघडतात. नेमका आकडा असा काढता येतो:

```r
1 - ptukey(sqrt(2) * qt(0.975, 66), 6, 66)
```

उत्तर साधारण ३५ टक्क्यांच्या आसपास येते. ५४ पेक्षा कमी आहे खरे, पण जिथे आपण ५ टक्क्यांचा दावा करतो तिथे हे सातपट झाले. ‘संपूर्ण प्रयोगात एक तरी खोटा इशारा’ मिळण्याच्या या शक्यतेला एकूण त्रुटी-दर म्हणू. यापुढचा सगळा खटाटोप हा दर ५ टक्क्यांवर रोखण्यासाठीच आहे.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. ‘आधी अनोव्हा केला आणि तो सिग्निफिकंट आला, तेव्हा पुढे साध्या टी-चाचण्या केल्या तरी चालते.’ यालाच संरक्षित एलएसडी म्हणतात. गट तीनच असतील तर हे खरोखर बरोबर आहे. अनोव्हाचा दरवाजा तिथे पुरेसे संरक्षण देतो. चौथा गट आला की ते संपते. आपल्याच उदाहरणात पाहा. A-B-F आणि C-D-E यांच्यामध्ये एवढी मोठी दरी आहे की अनोव्हा सिग्निफिकंट येणारच. मग त्या दरवाजातून आत आल्यावर C-D-E मधल्या तीन जोड्या आणि A-B-F मधल्या तीन जोड्या यांच्यावर कोणाचाही पहारा उरत नाही. ही दोन्ही त्रिकुटे आतून प्रत्यक्षात एकसारखी असली, तरी कुठेतरी एक खोटा फरक सापडण्याची शक्यता पाचात एकाहून थोडी जास्त असते. मोठी दरी खरी असली, म्हणून छोट्या फरकांबद्दल काही सिद्ध होत नाही.

डंकनची चाचणीही याच कारणाने बाजूला ठेवा. शेतीविषयक प्रबंधांत ती अजून सर्रास दिसते, कारण तिच्यात ‘जास्त फरक निघतात’. ते खरे आहे, पण ते निघतात कारण ती एकूण दर ५ टक्क्यांवर रोखतच नाही. सहा गटांना तिच्या हिशेबात १ − ०.९५⁵, म्हणजे जवळपास २३ टक्के दर चालतो.

पहिली पायरी: विचरणे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका

टुकी चाचणीत एक गोष्ट पडद्याआड होते. कोणतीही जोडी घेतली तरी तिच्या फरकाची मोजपट्टी सगळ्या गटांच्या विचरणांची सरासरी काढून बनते. अनोव्हाच्या तक्त्यात ती ‘Residuals’ च्या ओळीत ‘Mean Sq’ या रकान्यात असते. तिला `MSE` म्हणू. इथे ती १५.३८ आहे. वरच्या सहा विचरणांची बेरीज करून सहाने भागा, तेच उत्तर मिळेल, कारण प्रत्येक गटात नोंदी सारख्याच आहेत.

आता C आणि D ची स्वतःची विचरणे पाहा: ३.९ आणि ६.३, सरासरी सुमारे ५. म्हणजे या दोघांमधला फरक आपण त्यांच्या स्वतःच्या चढ-उताराच्या तिप्पट जाड मोजपट्टीने मोजणार. तेवढ्या जाड पट्टीवर २.८३ चा फरक बुडून जाणारच. कच्च्या आकड्यांवर टुकी चालवली तर D-C चे पी-मूल्य ०.४९ येते. वाचणारा म्हणेल, ‘दोन्ही औषधे सारखीच.’ A आणि F च्या बाबतीत नेमके उलट. त्यांची विचरणे मोठी, सरासरी ३० च्या आसपास, आणि मोजपट्टी १५ ची. तिथे खोटा फरक दिसण्याचा धोका वाढतो. चूक एकाच कारणाची, पण तिचा परिणाम दोन्ही दिशांनी.

सर्वांत मोठे विचरण ३८.६, सर्वांत लहान ३.०, गुणोत्तर जवळपास तेरा. चारच्या वर गेले की थांबून विचार करावा, हा ढोबळ नियम इथे कधीच मोडला आहे. शिवाय विचरण सरासरीसोबत वाढताना दिसते: मोठ्या सरासरीचे तीनही गट मोठ्या विचरणाचे. मोजणीच्या आकड्यांची ही ओळखीची खूण आहे आणि त्यावरचा जुना उपाय म्हणजे वर्गमूळ घेणे. वर्गमुळाच्या मापावर सहा विचरणे अशी येतात: A ०.३९, B ०.३३, C ०.५८, D ०.२५, E ०.२५, F ०.५६. गुणोत्तर तेरावरून सव्वादोन-अडीचवर उतरले. आता एकच सामाईक मोजपट्टी सगळ्यांना लावणे रास्त आहे.

इथे एक पथ्य पाळायचे. रूपांतर करायचे की नाही, हे विचरणांकडे किंवा अवशेषांच्या आलेखाकडे बघून ठरवा, जोड्यांची पी-मूल्ये बघून नाही. आधी कच्चे आकडे, मग वर्गमूळ, मग लॉग असे करत करत ज्यात हवा तो फरक ‘निघाला’ ते ठेवायचे, हीसुद्धा अनेक चाचण्या करण्याचीच एक पद्धत झाली, आणि तिची भरपाई कोणतीही टुकी करू शकत नाही.

दुसरी पायरी: मॉडेल बसवा

```r
m <- aov(sqrt(count) ~ spray, data = InsectSprays)
summary(m)
```

एफ-मूल्य ४४.८ येते, मुक्तांश ५ आणि ६६, `MSE` ०.३९५. पी-मूल्याकडे जाण्याआधी मुक्तांशाचा रकाना वाचण्याची सवय लावा. सहा गटांसाठी तिथे ५ हवेत. १ दिसला, तर समजा की गटांची नावे १, २, ३ अशी अंकांत लिहिलेली होती आणि प्रणालीने त्यांना गट न मानता मोजमाप मानून सरळ रेषा बसवली. अशा वेळी `factor()` वापरून त्या रकान्याला गटाचे रूप द्या आणि मॉडेल पुन्हा बसवा. अवशेषांचे ६६ कुठून आले, तेही तपासा: ७२ नोंदी वजा ६ गट. हा आकडा अपेक्षेपेक्षा मोठा दिसला, तर बहुधा एकाच एककाची वारंवार केलेली मोजमापे वेगवेगळ्या नोंदी म्हणून शिरली आहेत. तसे झाले असेल तर पुढचा सगळा हिशेब खोटा ठरतो आणि तो टुकीनेही दुरुस्त होत नाही.

तिसरी पायरी: एकदा हाताने करून पाहा

टुकीची कल्पना समजायला सोपी आहे. पंधरा जोड्यांवर एकेकटे लक्ष ठेवण्याऐवजी फक्त सर्वांत टोकाच्या जोडीवर लक्ष ठेवायचे. सगळे गट सारखे असताना सर्वांत मोठी सरासरी आणि सर्वांत लहान सरासरी यांच्यातले अंतर निव्वळ योगायोगाने किती वाढू शकते? ९५ टक्के वेळा ज्याच्या आत राहील असे अंतर काढले की बाकीच्या जोड्या आपोआप त्याच्या आतच राहतात, कारण त्यांच्यातले अंतर टोकाच्या जोडीहून जास्त असूच शकत नाही. म्हणून एकच उंबरठा सगळ्यांना लागू होतो:

`HSD = q × sqrt(MSE / n)`

इथे `n` म्हणजे एका गटातल्या नोंदी, म्हणजे १२. `q` ची किंमत गटांच्या संख्येवर आणि अवशेषांच्या मुक्तांशावर ठरते. ती छापील तक्त्यातून घ्या किंवा अशी विचारा:

```r
qtukey(0.95, nmeans = 6, df = 66)
```

उत्तर ४.१५. आता ०.३९५ भागिले १२ म्हणजे ०.०३२९, त्याचे वर्गमूळ ०.१८१. गुणाकार केला की उंबरठा ०.७५३. वर्गमुळाच्या मापावर ज्या दोन सरासऱ्यांतले अंतर याहून जास्त, ती जोडी वेगळी.

वर्गमुळाच्या मापावर सरासऱ्या चढत्या क्रमाने लावा: C १.२४५, E १.८०९, D २.१६४, A ३.७६१, B ३.८७७, F ४.०१९. D आणि A मधले अंतर १.६०, म्हणजे दरीच्या दोन बाजूंमधले सर्वांत लहान अंतरसुद्धा उंबरठ्याच्या दुपटीहून जास्त. त्यामुळे दरी ओलांडणाऱ्या नऊही जोड्या वेगळ्या. A, B, F यांच्यातले सर्वांत मोठे अंतर ०.२६; तिथे काहीच नाही. उरल्या तीन जोड्या. D-C चे अंतर ०.९२०, उंबरठ्याच्या वर, म्हणून वेगळी. E-C चे ०.५६५, खाली. D-E चे ०.३५५, खाली.

E-C पाशी क्षणभर थांबा. साध्या टी-चाचणीचा उंबरठा काढला तर तो ०.५१२ येतो आणि ०.५६५ त्याच्या वर आहे, पी-मूल्य ०.०३. म्हणजे साध्या टी-चाचण्या करणाऱ्याने ‘C हे E पेक्षा सरस’ असे बेधडक लिहिले असते. टुकीनुसार त्याच जोडीचे पी-मूल्य साधारण ०.२५ आहे. पंधरा जोड्या तपासल्यावर एवढे अंतर कुठे ना कुठे दिसणे मुळीच आश्चर्याचे नाही. आणि D-C जोडी पाहा: कच्च्या आकड्यांवर ती ०.४९ ला होती, योग्य मापावर तीच ०.०१ च्या खाली आली. माझ्या मते या उदाहरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही आहे. कोणती दुरुस्ती निवडली यापेक्षा मोजपट्टी बरोबर होती की नाही, याने निष्कर्ष जास्त बदलला.

चौथी पायरी: आता हेच संगणकाकडून

```r
t <- TukeyHSD(m)
t
plot(t, las = 1)
```

प्रत्येक जोडीसाठी चार रकाने येतात. `diff` म्हणजे अंतर, `lwr` आणि `upr` ही त्याच्या विश्वासांतराची दोन टोके, आणि `p adj` हे दुरुस्त केलेले पी-मूल्य. D-C च्या ओळीत अंतर ०.९२ आणि टोके सुमारे ०.१७ व १.६७ दिसतील, शून्य आत नाही. E-C च्या ओळीत टोके −०.१९ आणि १.३२, शून्य आत आहे. पी-मूल्यापेक्षा ही टोके जास्त बोलकी असतात. E-C बद्दल ‘फरक नाही’ असे ती म्हणत नाहीत. फरक शून्यही असू शकेल आणि बऱ्यापैकी मोठाही, बारा-बारा नोंदींत याहून जास्त सांगता येत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

`p adj` हे नाव नीट वाचा. दुरुस्ती त्यात आधीच झालेली आहे. त्याला वर आणखी १५ ने गुणून बॉन्फेरोनी लावणारे लोक दिसतात. त्याने एकच दंड दोनदा भरला जातो आणि खरे फरक हरवतात.

आणि टुकीसाठी अनोव्हा आधी सिग्निफिकंट असण्याची अट नाही. एकूण दर रोखण्याचे काम ती स्वतःच पूर्ण करते. त्यामुळे क्वचित अनोव्हा सिग्निफिकंट आणि टुकीत एकही जोडी नाही, किंवा त्याच्या उलट, असे दिसते. कुठे गडबड झाली म्हणून शोधत बसू नका. एफ-चाचणी सगळ्या सरासऱ्यांचे एकत्र विखुरणे बघते, टुकी टोकांमधले अंतर बघते. काठावरच्या आकड्यांवर दोघींचे मत वेगळे पडू शकते. जोड्यांबद्दल बोलायचे असेल, तर टुकीचे ऐका.

टुकी कधी सोडायची

सगळ्या जोड्या हव्या असतील आणि विचरणे साधारण सारखी असतील, तर टुकीच घ्या. गटांतल्या नोंदी कमी-जास्त असतील तर टुकी-क्रेमर हे रूप लागते, त्यात प्रत्येक जोडीचा उंबरठा वेगळा येतो. एका घटकाच्या अनोव्हासाठी `TukeyHSD` ते आपोआप करते, तुम्हाला काही करायचे नाही.

बॉन्फेरोनी म्हणजे ०.०५ ला जोड्यांच्या संख्येने भागणे. ते कोणालाही समजते म्हणून लोकप्रिय आहे, पण सगळ्या जोड्यांसाठी उगीच कडक पडते: आपल्या उदाहरणात त्याचा उंबरठा सुमारे ०.७८ येतो, टुकीचा ०.७५३. होल्मची पद्धत बॉन्फेरोनीपेक्षा कधीच वाईट नसते. ती पी-मूल्ये लहानापासून मोठ्याकडे लावते आणि पहिल्याला १५ ने, दुसऱ्याला १४ ने असे गुणत जाते. इथे दरी ओलांडणाऱ्या नऊ जोड्या आधीच निकालात निघतात, म्हणून D-C ची पाळी येते तेव्हा फक्त ६ ने गुणायचे उरते आणि पी-मूल्य ०.००४ च्या आसपास येते; टुकीपेक्षाही कमी. E-C मात्र होल्मलाही पटत नाही. `pairwise.t.test` मध्ये काही न सांगता होल्मच लागू होते. मग सरळ होल्मच का नको? कारण तिच्यातून विश्वासांतरे सरळ मिळत नाहीत, आणि ती मला हवी असतात. मात्र एक करू नका: दोन्ही पद्धती चालवून ज्यात जास्त तारे मिळाले ती छापणे.

एखादा गट नियंत्रण म्हणून ठेवलेला असेल आणि बाकी सगळ्यांची तुलना फक्त त्याच्याशीच करायची असेल, तर डनेटची चाचणी घ्या. सहा गटांत मग १५ ऐवजी ५ जोड्या उरतात आणि तेवढाच दंड भरावा लागतो. हा निर्णय आकडे बघण्याआधी झालेला हवा. आरमध्ये नियंत्रण गट पहिल्या क्रमांकावर असावा लागतो, नाहीतर प्रणाली वर्णक्रमाने पहिला येणारा गट गुपचूप नियंत्रण धरते आणि उत्तर निमूटपणे चुकीचे येते. `relevel()` ने क्रम आधी नीट लावा.

रूपांतर करूनही विचरणे जुळत नसतील, तर सामाईक मोजपट्टीच सोडून द्या. गेम्स-हॉवेल पद्धत प्रत्येक जोडीसाठी त्या दोन गटांचीच विचरणे वापरते:

```r
oneway.test(count ~ spray, data = InsectSprays)
rstatix::games_howell_test(InsectSprays, count ~ spray)
```

पहिली ओळ वेल्चचा अनोव्हा, दुसरी जोड्या. कच्च्या आकड्यांवर ही चालवली की D-C चे पी-मूल्य ०.४९ वरून ०.०५ च्या अगदी काठावर, किंचित वर येऊन थांबते. मोजपट्टी सुधारली, पण वर्गमुळाइतकी धार नाही, कारण प्रत्येक जोडीला आता ६६ ऐवजी सुमारे २१ मुक्तांशांवर भागवावे लागते. गटात पाच-सहाच नोंदी असतील तर ही पद्धत डळमळते, तिथे तिच्यावर फार विसंबू नका.

पाचवी पायरी: निकाल लिहिणे

बहुतेक तक्त्यांत सरासरीपुढे अक्षरे देतात. ती अशी मिळतात:

```r
InsectSprays$y <- sqrt(InsectSprays$count)
m2 <- aov(y ~ spray, data = InsectSprays)
multcompView::multcompLetters4(m2, TukeyHSD(m2))
```

आपल्याकडे A, B, F या तिघांना एक अक्षर मिळेल, समजा a. D ला b, C ला c, आणि E ला bc. नियम असा: दोन गटांत एकही अक्षर सामाईक नसेल, तर ते वेगळे. E चे bc पहिल्यांदा बघणाऱ्याला कोड्यात टाकते. E हे D पासून वेगळे सिद्ध होत नाही, E हे C पासूनही वेगळे सिद्ध होत नाही, आणि तरी C व D एकमेकांपासून वेगळे आहेत. हे विसंगत नाही. E मध्ये आहे आणि त्याची बाजू ठरवायला पुरावा अपुरा आहे, एवढाच त्याचा अर्थ. ‘सामाईक अक्षर म्हणजे सारखे गट’ असे वाचले तरच विसंगती निर्माण होते.

रूपांतर केले असेल तर तक्त्यात कोणत्या सरासऱ्या द्यायच्या? C ची वर्गमुळाच्या मापावरची सरासरी १.२४५, तिचा वर्ग केला तर १.५५ येतो. पण C च्या प्रत्यक्ष मोजणीची सरासरी २.०८ आहे. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते एकच नाहीत, आणि १.५५ ला ‘सरासरी कीटक’ म्हणून छापले की वाचणाऱ्याची फसवणूक होते. सोपा मार्ग म्हणजे मूळ सरासऱ्या छापायच्या, त्यांच्यापुढे अक्षरे द्यायची, आणि तक्त्याखाली अक्षरे कोणत्या मापावरच्या चाचणीतून आली ते सांगायचे.

मजकुरातले वाक्य असे जमते: ‘कीटकांच्या संख्येचे वर्गमूळ घेऊन एका घटकाचा अनोव्हा केला (`F(5, 66) = 44.8, p < 0.001`). सर्व १५ जोड्यांची तुलना टुकीच्या पद्धतीने केली, एकूण त्रुटी-दर ०.०५. C, D व E या प्रत्येक औषधाने A, B व F पेक्षा कमी कीटक राहिले. C मध्ये D पेक्षाही कमी कीटक आढळले (वर्गमुळाच्या मापावर अंतर ०.९२, ९५ टक्के विश्वासांतर ०.१७ ते १.६७), C व E यांच्यातला फरक या प्रयोगातून ठरवता आला नाही.’ जोड्यांची संख्या, पद्धतीचे नाव आणि माप या तीन गोष्टी त्यात आहेत का, तेवढे पाठवण्याआधी बघा. परीक्षक सहसा याच तीन विचारतात.